पडद्याची भिंत

१९६६ सालच्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी लीलाबाई नेहमीप्रमाणे साडेपाचला उठल्या. त्यांनी विहिरीचे दोन हंडे पाणी स्वतः ओढले, स्टोव्ह पेटवून चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत व्हरांड्यातली खुर्ची पुसून घेतली. घाटाकडे मालगाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा आवाज येत होता. सहा वाजता दूधवाला येऊन गेला. सव्वासहाला त्यांनी कपाटातून बारा पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि मेजावर सरळ मांडला. पत्ते लिहून झाले होते, मजकूरही झाला होता: 'आपल्या मुलीस बारा जून रोजी अंथरूण-पांघरुणासह वसतिगृहात आणून सोडावे.' कार्डे टाकायची राहिली होती, कारण मुलींना झोपायची खोली अजून व्हायची होती.

लीलाबाई लोणावळ्याच्या शाळेत पंधरा वर्षे शिकवीत होत्या. मावळातल्या खेड्यांत चौथीपर्यंतच्या शाळा होत्या. पुढे मुलगे चालत किंवा गाडीने जात, मुली घरी राहत. ही गोष्ट त्यांना वर्षानुवर्षे सलत होती. अखेर एका विधवा बाईंनी आपला रिकामा बंगला वसतिगृहासाठी दिला आणि एका लहान विश्वस्त मंडळाने लीलाबाईंना अधीक्षिका नेमले. सरकारी मान्यतेची अट एकच, पण पक्की होती. बारा मुलींसाठी सलग एक खोली हवी आणि अधीक्षिकेच्या दारातून ती पूर्ण दिसली पाहिजे. पाहणीचे साहेब सहा जूनला यायचे होते. खोली नसेल तर मान्यता पुढच्या वर्षी, आणि एकदा वर्षभर घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही हे लीलाबाई जाणून होत्या.

बंगल्याचे दिवाणखान्याएवढे मोठे दालन मधोमध एका भिंतीने दुभागले होते. मधल्या दाराची कवाडे आधीच उतरवून ठेवली होती. भिंत काढली की दालन सलग होणार होते, आणि ती काढायला आज सुरुवात व्हायची होती.

सात वाजता चिमाबाई आली. वलवणच्या धरणावरच्या वाडीतून रोज पाऊण तास चालत येणारी, पन्नाशीच्या पुढची, काटक बाई. हा बंगला जुन्या मालकांचा असल्यापासून दर दिवाळीआधी त्याला चुना लावण्याचे काम तिच्याकडे होते. तिची नात पुतळा यंदा चौथी पास झाली होती. वाडीतली ती पहिलीच मुलगी, आणि लीलाबाईंच्या यादीतले तिचे नाव बारावे. एरवी आल्या आल्या काही ना काही बोलणारी चिमाबाई आज गप्प होती. तिने पाट्या आणि घमेली भिंतीजवळ ठेवली आणि ती लांब जाऊन उभी राहिली.

साडेसातच्या सुमारास श्रीपती मिस्त्री आणि कोंडाजी सुतार सकाळच्या गाडीने आले. दोघेही टाकवे बुद्रुकचे. श्रीपती हा त्या भागातला नावाजलेला गवंडी. अंगाने सडपातळ, बोलणे हळू, आणि कामाला हात घालण्यापूर्वी घर नुसते पाहत बसण्याची त्याला सवय होती. कोंडाजी म्हणे, "आमचा मिस्त्री घर सोयरिकीला आल्यावानी बघतो. फक्त चहा मागायचा राहतो."

"चहा झालाय," लीलाबाई म्हणाल्या. "पण आधी मला सांगा, ही भिंत काढायला काही धोका नाही ना? माझ्यावर बारा मुलींची जबाबदारी आहे."

श्रीपतीला हा प्रश्न आवडला. त्याने गवंडीकामाच्या करणीचा दांडा उलटा धरला आणि भिंतीवर ठोकला. आवाज हलका, पोकळ आला. मग तो बाहेरच्या दगडी भिंतीवर ठोकला. तिथे आवाज आलाच नाही म्हणायचा.

"आता हिची जाडी बघा, बाई. अर्ध्या विटेची, साडेचार इंची. एवढ्याशा भिंतीवर कुणी घर ठेवत न्हाई. पर जाडीवर मी इसवास ठेवत न्हाई. जाड भिंतबी नुसती आड करायला असती कदी कदी." तो खाली बसला आणि भिंतीच्या पायथ्याचे प्लास्टर करणीने अलगद खरवडले. आतून शहाबादी फरशीची कड दिसली. "ही फरशी भिंतीखालनं पलीकडं गेली हाय. म्हंजी आधी फरशी, मागनं भिंत. हिला पाया न्हाई."

मग तो दालनाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात गेला. आडवी भिंत जिथे बाहेरच्या भिंतीला मिळत होती, तिथे वरपासून खालपर्यंत केसासारखी सरळ चीर होती. "दोन भिंती एका वेळी बांधल्या तर दगड-विटा एकमेकांत दात रोवल्यासारख्या अडकवत्यात. हितं तसं न्हाई. हिला नुसती टेकवून उभी केलीय. आन् माळ्यावर काल जाऊन आलो. हिच्या डोक्यावर भिंत न्हाई. मधी एक आखूड खांब हाय, त्यो छपराचं आढं धरतो. पर त्यो उभा हाय ह्या तुळईवर." त्याने वर बोट दाखवले. भिंतीच्या बरोबर वरून, पश्चिमेच्या दगडी भिंतीपासून पूर्वेच्या जाड भिंतीपर्यंत, सागाची रुंद तुळई गेली होती. "तुळई दोन्ही टोकांनी दगडी भिंतीत बसलीय. माळ्याच्या कड्या, आडवी लाकडं, तुळईवर. भार तितनं जातो. ही बाई नुसता पडदा धरून हुबी हाय."

"पडदा," लीलाबाई म्हणाल्या. त्यांना हा शब्द समाधान देऊन गेला. वर्गात शिकवताना आपण इतके मुद्देसूद बोलतो का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"आमच्याकडं तर समदं घर खांबावर," श्रीपती पुढे म्हणाला. "भिंत म्हंजी घराचा अंगरखा. पावसात भिंत बसती, घर हुबं राहतं. चला कोंडाजी, वरच्या थरापासनं काढू. वरची वीट हातानं सुटंल बघ."

त्याने शिडी लावली. एक पाय पायरीवर ठेवला आणि मागून चिमाबाईचा आवाज आला.

"भाऊ, जरा थांबा."

कोंडाजी वळला. "काय झालं, मावशी? भिंतीला हळदकुंकू लावायचंय का?"

"लावीन. तुझ्या डोक्याला लावायची पाळी यायच्या आदी." ती हसली नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून ती शिडीपाशी आली. "श्रीपतीभाऊ, तुमी जे बोललात ते खरं आसंल. मी गवंडी न्हाई. पर ह्या भिंतीला मी बावीस साल चुना लावला. हिच्या वर, तुळईच्या खाली, फट व्हती. दर साली. माजं हे बोट जायचं आत." तिने चुन्याने उललेली करंगळी दाखवली. "दिवाळीला मी ती वाळू-चुन्यानं बुजवायची, उन्हाळ्यात परत उघडायची. अर्धं घमेलं माल जायचा त्या फटीत. मालकीणबाई म्हनायच्या, चिमे, चुना खातीस का भिंतीला घालतीस?"

"बरोबर हाय," श्रीपती म्हणाला. "पडद्याच्या भिंतीवर फट ठेवत्यातच. लाकूड हालतं, त्याला जागा लागती."

"व्हय ना. तीच आता न्हाई."

श्रीपतीने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"चार सालांमागं पश्चिमेची पन्हाळ फुटली. पाणी भिंतीनं खाली यायचं, समदा पावसाळाभर. बंगला बंद, कुनी बघाया न्हाई. त्या दिवाळीला मी शिडीवर चडले आन् फट शोधत बसले. मला वाटलं, कुनीतरी आदीच भरलीय. बरं झालं म्हनलं, काम वाचलं. पर मग उन्हाळ्यातबी उघडली न्हाई. आन् गेल्या साली वरल्या विटांचं पापुद्रं निघाया लागलं, दाबल्यावानी. मी चुना लावला की मैन्याभरात गळून पडायचा." तिने तुळईकडे बोट केले. "फट गेली कुटं, भाऊ?"

श्रीपती तिच्याकडे पाहत होता, पण त्याचे डोळे तिच्यावर नव्हते. मग त्याने लीलाबाईंना विचारले, "बाई, मधलं दार लागत व्हतं का नीट?"

"नव्हतं," लीलाबाई म्हणाल्या. "मी आल्यापासून अडकतच होतं."

"दोनदा तर मीच रंधा मारला त्याला," कोंडाजी म्हणाला. "मागल्या वर्सी आन् ह्या संक्रातीला. मला वाटलं, दमट हवेनं फुगलं." त्याने मोकळ्या चौकटीकडे मान वळवली.

श्रीपतीने मेजाकडे पाहिले. "एक कार्ड देता का, बाई? जाड कागद पायजे."

लीलाबाईंनी गठ्ठ्यातले वरचे कार्ड दिले. श्रीपती शिडी चढला. तुळई आणि भिंत यांच्यामधल्या रेषेवर त्याने कार्डाची कड लावली आणि दाबली. कड वाकली. एक हात पुढे सरकून पुन्हा लावली, पुन्हा वाकली. पश्चिमेच्या टोकापासून दारापर्यंत कार्ड कुठेही आत गेले नाही. पूर्वेकडच्या दोन-तीन हातांत मात्र ते सुरीसारखे सरकले. खाली उतरून त्याने कोंडाजीच्या पिशवीतून दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या लावलेली लांब रबरी नळी काढली, तिच्यात पाणी भरले, आणि दोघांनी तुळईच्या दोन टोकांशी पाण्याची पातळी धरून खुणा केल्या. पश्चिमेचे टोक पूर्वेपेक्षा पाऊण इंच खाली होते.

"गिरमिट दे," श्रीपती म्हणाला.

पश्चिमेच्या भिंतीत जिथे तुळई शिरत होती, तिथे कोंडाजीने बाजूने भोक पाडले. पहिल्या फिरक्यांत सागाचा पिवळा, कोरडा भुसा आला. मग गिरमिट एकदम सैल होऊन आत गेले, आणि बाहेर आला तो काळपट, ओला, बोटांत चुरगाळणारा गाळ. कोंडाजीने तो वासाला नाकाशी धरला आणि श्रीपतीच्या तळहातावर ठेवला.

लीलाबाईंना समजायला वेळ लागला नाही, तरी त्यांनी विचारले, "म्हणजे?"

"म्हंजी तुळईचं ह्या बाजूचं टोक भिंतीत कुजलंय. पाणी मुरलं, वर चुन्याचं प्लास्टर, हवा न्हाई. टोक खचलं तशी तुळई खाली आली आन् ह्या भिंतीवर बसली." श्रीपतीने हात धोतराला पुसला. त्याचा आवाज चढला नाही, पण तो प्रत्येक शब्द तोलून बोलत होता. "बाई, भिंत पडद्याचीच बांधली व्हती. मी चुकलो न्हाई. पर चार साल झाली, माळा आन् अर्धं छप्पर तिच्या डोक्यावर हाय. आज वरचे दोन थर काढले असते, तर तुळई खाली आली असती. कोंडाजी आन् मी खालीच व्हतो." त्याने भिंतीवर तळवा टेकवला. "भिंत जलमली कशी, ते मी बगितलं. मग ती काय करीत राहिली, ते इचारायचं राहिलं."

"कुणाला विचारणार होतात?" लीलाबाई म्हणाल्या.

"हिलाच की," श्रीपतीने चिमाबाईकडे मान हलवली.

चिमाबाई मात्र खाली पाहत होती. "मी सोमवारीच सांगाया पायजे व्हतं," ती म्हणाली. "सोमवारी तुमी म्हनलात, भिंत काडनार. तवाच मनात आलं. पर फट नसन्याचा आर्थ मला तरी कुटं कळत व्हता? आन् वाटलं, मी बोलले आन् काम थांबलं, तर पुतळीचं काय? बाराव्या नंबरला नाव हाय तिचं. तीन दिस तोंड मिटून ऱ्हायले. रात्री पुतळी माज्या कुशीत झोपती. हिच्या डोक्यावर हीच तुळई येनार, असं मनात आलं, आन् मग झोप न्हाई लागली." 

लीलाबाईंनी तिला बसायला सांगितले आणि स्वतः चहा गाळून आणून दिला.

"आता काय करायचं?" त्यांनी श्रीपतीला विचारले.

"तुळई बदलायची म्हंजी छपराची कौलं उतरवा, आढ्याला टेकू द्या, लाकूड आना. तीन आठवडं तरी. वर उघडं आसताना पाऊस आला तर समदं घर गेलं. दिवाळीनंतरच."

"मिस्त्री," कोंडाजी म्हणाला, "खालनं दोन टेकू मारू आन् भिंत काढू. साहेब बघून जाईस्तवर निभंल. मग दिवाळीला बघू."

"फरशीवर टेकू मारून त्याखाली बारा पोरी झोपवू?" श्रीपती म्हणाला. "तुजी लेक झोपव आदी."

कोंडाजीने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला काम पुरे करायचे होते.

लीलाबाईंनी पोस्टकार्डांचा गठ्ठा उचलून कपाटात परत ठेवला. चिमाबाईने ते पाहिले. श्रीपतीनेही पाहिले. त्याने त्या दिवशी आणखी काही केले नाही. फक्त तास-दीड तास दालनाच्या मधोमध बसून तो तुळईकडे पाहत राहिला. मध्येच उठून कोंडाजीकडून तुळईच्या बाजूच्या अंगाला वीतभर अंतराने बारीक भोके पाडून घेई आणि भुसा बघे. भिंतीपासून दीड फुटापर्यंत ओला गाळ. त्यापुढे सर्वत्र कोरडा, पिवळा भुसा. दुपारच्या गाडीने तो काही न सांगता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास विटांचा एक ट्रक फाटकाशी थांबला. श्रीपती मागच्या बाजूला उभा होता. त्याच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेला एक घडीव काळा दगड होता. खाली चौरस, वर गोल, मधोमध खाच. शेजारी वीतभर जाडीचा एक सागाचा खांब.

"तळखडा," तो लीलाबाईंना म्हणाला. "लाकडी खांबाच्या पायाखाली ठेवायचा दगड. लाकूड भुईला लागलं की वाळवी आन् ओल खाती, म्हणून आमच्याकडं खांब ह्याच्यावर हुबा करत्यात. माझ्या गोठ्याचा जुना हाय. गोठा आता पक्का बांधलाय."

कोंडाजी व्हरांड्यात उभा राहून हसला. "घ्या. लोणावळ्याच्या बंगल्याला टाकव्याचा गोठा जोडला."

"गोठा साठ साल हुबा व्हता," श्रीपती म्हणाला. "बंगल्याला अजून तेवढी झाली न्हाईत." मग तो लीलाबाईंना समजावून सांगू लागला. तुळई बदलायची नाही. तिचे टोक खराब आहे, बाकी अंग लोखंडासारखे आहे. पश्चिमेच्या भिंतीपासून दोन फुटांवर, जिथे लाकूड धड आहे तिथे, तिच्याखाली हा खांब उभा करायचा. फरशी उचलून मुरमापर्यंत खणायचे, खाली दगड-सिमेंटचा पाया, त्यावर तळखडा, त्यावर खांब. "मग तुळईला भिंतीत शिरलेल्या टोकाची गरज न्हाई. ह्या अंगाला भार खांबावर, त्या अंगाला भिंतीवर. पडद्याला सुट्टी. पर बाई, एक खांब तुमच्या खोलीत राहील. एका कडेला, पर राहील."

लीलाबाईंनी दालनात जाऊन पावलांनी मोजले. आपल्या खोलीच्या दारात उभे राहून पाहिले. खांब भिंतीपासून दोन फुटांवर आला, तर त्याच्या आडोशाला एकही खाट जात नव्हती. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "किती दिवस लागतील?"

"पाया घट्ट व्हायला आठ दिस. समदं धरून बारा. पाऊस आदी आला तरी छप्पर उघडं पडत न्हाई."

पुढचे दिवस लीलाबाईंच्या कायम लक्षात राहिले. त्यांनी आयुष्यात अनेक कामे पाहिली होती, पण एवढे सावकाश आणि तरी एकही क्षण वाया न घालवणारे काम त्यांनी पाहिले नव्हते. आधी माळा रिकामा झाला. जुन्या पेट्या, मोडक्या खुर्च्या, गंजलेले पिंप, सगळे चिमाबाई आणि कोंडाजीने खाली आणले. मग श्रीपतीने भिंतीत तुळईच्या लगेच खाली एक वीट काढण्याइतके भोक पाडले. एकच. त्यातून एक बाभळीचा आडवा ओंडका पलीकडे सरकवला आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली, भिंतीच्या दोन्ही अंगांना, फळ्यांवर टेकू उभे केले. पहिले टेकू पाचरांनी आवळून झाल्यावरच दुसरे भोक. दोन ओंडक्यांनी तुळई पेलली, तेव्हा त्याने पश्चिमेच्या टोकाची तीन-साडेतीन फूट भिंत वरून खाली, एकेक वीट करून उतरवली. तिथे खड्डा झाला, पाया भरला, त्यावर ओली पोती पसरली. रोज सकाळी आणि संध्याकाळी चिमाबाई त्यांच्यावर पाणी मारी. आठ दिवस श्रीपतीने त्या पायावर घमेलेसुद्धा ठेवू दिले नाही. दरम्यान त्याने बाहेरची पन्हाळ दुरुस्त केली आणि तुळईच्या कुजलेल्या टोकाभोवतीचे प्लास्टर सोलून तिथे हवा खेळती केली.

एकोणतीस मेला खांब उभा राहिला. त्याच्या माथ्याशी आणि तुळईच्या मध्ये कोंडाजीने सागाच्या पाचरांच्या दोन जोड्या बसवल्या. श्रीपती हातोडा घेऊन एकेक ठोका मारी, थांबे, आणि कान देऊन ऐके.

"वर उचलायची का पूर्वीच्या जागेवर?" लीलाबाईंनी विचारले.

"न्हाई बाई. चार सालांत छप्पर तिच्यासंगं बसलंय. तिला नेटानं उचलली, तर कौलं फुटतील. नुसता भार काढायचा. केसाएवढं."

पाचरा बसल्यावर त्याने मधले टेकू हळूहळू सैल केले. लाकूड एकदा कुरकुरले. माळ्यावरून थोडी धूळ गळली आणि सगळे शांत झाले. तुळई आता खांबावर होती. श्रीपतीने घाम पुसला आणि लीलाबाईंकडे हात पुढे केला. त्यांनी कपाटातले तेच कार्ड काढून दिले. त्याची कड अजून वाकलेली होती.

त्याने ते स्वतः घेतले नाही. "मावशींना द्या," तो म्हणाला. "फट त्यांच्या ओळखीची हाय."

"मी काय सांगनार?" चिमाबाई म्हणाली.

"हाय का न्हाई, येवढंच सांगा. तुमी व्हय म्हनंस्तवर मी एक वीट काढणार न्हाई."

चिमाबाई शिडी चढली. तिने कार्डाची कड तुळईखाली लावली. कार्ड आत गेले. ती एक हात पुढे सरकली, शिडी हलवून घेतली, पुन्हा सरकली. दाराच्या चौकटीवर येताच ती थांबली. तिने कार्ड उलटे करून पाहिले, मग करंगळीचे नख रेषेवरून फिरवले.

"हितं न्हाई."

"सुटलंय की, मावशी," कोंडाजी खालून म्हणाला. "एवढ्याशा जागेनं काय होतंय? भरलेला चुना आडकला आसंल."

"चुना मी भरलाय, मला ठाव हाय कुटं हाय आन् कुटं न्हाई. हितं लाकूड विटेला लागतंय."

कोंडाजी काही बोलणार होता, पण श्रीपती तोवर खांबापाशी गेला होता. टेकू पुन्हा आवळले गेले. पाचरांवर चार ठोके पडले, मग दोन, मग एक. टेकू पुन्हा सैल झाले. पुन्हा लाकूड कुरकुरले. चिमाबाईने कार्ड लावले आणि ते चौकटीवरून, दारापलीकडून, थेट पूर्वेच्या टोकापर्यंत एका सुरात सरकत गेले. तिने ते बाहेर काढले, दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि खाली उतरली.

"व्हय," ती म्हणाली. "आता हाय."

त्यानंतर कोणी काही समारंभ केला नाही. श्रीपती शिडीवर चढला आणि वरच्या थरातली पहिली वीट त्याने दोन बोटांनी धरून ओढली. ती हातात आली. त्याने ती कोंडाजीला दिली, कोंडाजीने चिमाबाईला, आणि चिमाबाईने ती व्हरांड्यात उभी ठेवली. संध्याकाळपर्यंत दालन सलग झाले. जमिनीवर, जिथे भिंत होती तिथे, फरशीवर चार-साडेचार इंचांचा फिकट पट्टा तेवढा उरला होता. लीलाबाईंनी आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली आणि बसून पाहिले. बाराही खाटांच्या जागा दिसत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी कार्डे टपालात टाकली. अकरा कार्डे स्वच्छ होती. बारावे, चुन्याने माखलेले आणि कड वाकलेले, वाडीच्या पत्त्याचे निघाले. लीलाबाईंनी दुसरे लिहायचे ठरवून पेन उघडले, मग बंद केले आणि तेही तसेच पेटीत सोडले.

तीन जूनला चिमाबाईने चुना लावायला घेतला. तीन दिवसांनी साहेब येणार होते, आणि लीलाबाईंनी तिला बजावले होते की एक बोटसुद्धा जागा मळकी राहता कामा नये. पहिल्या हातात ती दक्षिणेची भिंत संपवून पश्चिमेकडे वळली. खांबाच्या मागे, तुळई जिथे भिंतीत शिरत होती, तिथे श्रीपतीने प्लास्टर सोलून हवेसाठी मोकळी ठेवलेली जागा होती: काळपट दगड, लाकडाचे उघडे टोक, आणि भोवती बोटभर पोकळी. बावीस वर्षे अशी प्रत्येक जागा चिमाबाईने बुजवली होती. तेच तिचे काम होते. घमेल्यात वाळू-चुना कालवलेला होता. तिने थापी उचलली आणि काही वेळ ती हातात धरून उभी राहिली.

मग तिने थापी घमेल्यात परत ठेवली. कुंचला घेऊन ती वरपासून खाली पांढऱ्या पट्ट्या ओढत आली, आणि तुळईच्या टोकापासून वीतभर अलीकडे थांबली. तिथून वळून तिने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. खांबाच्या माथ्याच्या पाचराही तिने तशाच उघड्या ठेवल्या. सगळी भिंत पांढरी झाल्यावर मधोमध तो एक काळा चौकोन स्पष्ट दिसू लागला.

लीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तो चौकोन पाहिला, चिमाबाईकडे पाहिले, आणि साहेबांना काय सांगायचे याचा मनाशी विचार केला. मग त्या आत जाऊन खाटांच्या जागा मोजू लागल्या.

चिमाबाईने कुंचला बादलीत धुतला, झटकला, आणि पूर्वेच्या भिंतीला लागली.